भांडेल त्यालाच परतावा

त्या दवाखान्यात तिला सगळे काउंटरताई म्हणतात. डॉक्टर म्हणतात, नर्सबाई म्हणतात, बाहेर चहा विकणाराही म्हणतो. घरी नवरा चिडवायला म्हणतो. दवाखाना छोटा आहे: तळमजल्यावर तपासणी, वर ऑपरेशनची खोली आणि सहा खाटा. हर्निया, पित्ताशयातले खडे, मूळव्याध, अंगावरच्या गाठी, अशी ठरवून करायची ऑपरेशनं तिथे होतात. ताई खालच्या काचेमागे बसते. तारीख देणं, अंदाजपत्रक हातात ठेवणं, आगाऊ रक्कम घेणं आणि घरी सोडताना बिल समजावणं ही तिची कामं.

त्याआधी ती एका शाळेच्या कार्यालयात फी घेत असे. तिथून तिने एक सवय आणली. समोरचा माणूस बोलत असताना ती त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघते. पैसे द्यायला आलेला माणूस आधी खिसा चाचपतो, न द्यायला आलेला आधी घसा साफ करतो, असं तिचं म्हणणं. आणि ‘बघतो’ म्हणणारा माणूस परत येत नाही. एवढ्या वर्षांत या शब्दाने तिला फारसं खोटं पाडलं नव्हतं.

तिच्या काचेच्या उजवीकडे, वजनकाट्याच्या वर, एक फलक होता. आगाऊ रकमेबद्दलचा. तो एका बैठकीत कुणी लिहिला नव्हता. तो साचत गेला होता. एका गृहस्थाने वेगवेगळ्या तीन तारखा अडवल्या आणि एकीलाही आला नाही, तेव्हा पहिली ओळ आली: आगाऊ रक्कम भरल्याशिवाय तारीख मिळणार नाही. बिल अंदाजापेक्षा जास्त आलं म्हणून कुणाच्या तरी मेहुण्याने टेबल आपटलं, तेव्हा दुसरी आली: अंदाजपत्रक म्हणजे अंतिम बिल नव्हे. पावती हरवलेल्या बाईंमुळे तिसरी. नातेवाइकांनी वाद घालू नये, ही चौथी कुणामुळे आली हे आता कुणालाच आठवत नव्हतं, तरी रोज चार जणांना तरी ती आपल्यासाठीच आहे असं वाटायचं. सगळ्यांत खाली लाल अक्षरांत होतं: भरलेली आगाऊ रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.

बहुतेक ओळी अक्कांच्या. अक्का म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. दवाखान्याचे व्यवहार त्या बघतात. भाऊ शिकत होता तेव्हापासून त्याच्या खर्चाची काळजी यांनीच वाहिली, ती सवय सुटली नाही. भांडण झालं की अक्का दुसऱ्या दिवशी रंगवणाऱ्याला बोलावत आणि ओळ वाढवत. भांडणारा तर निघून गेलेला असे. ओळ वाचायला पुढचाच कुणीतरी यायचा.

पुढचा आला तो कुलूपवाला.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची टपरी. चाव्या कापायचं यंत्र तो रोज संध्याकाळी उचलून घरी नेई, सकाळी परत आणी, कारण कुलूप विकणाऱ्याच्याच टपरीचं कुलूप एकदा फुटलं होतं आणि त्यावरून बाजाराने त्याला वर्षभर चिडवून हैराण केलं होतं. त्या ओझ्याने म्हणा किंवा वयाने, जांघेत हर्निया आला. डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं. सध्या आडवं झालं की फुगवटा आत जातो. ज्या दिवशी जाणार नाही, त्या दिवशी आतडं अडकेल, आणि मग धावपळीचं ऑपरेशन. तेव्हा आत्ताच, ठरवून, शांतपणे करून घेऊ. साखरही जास्त होती. ती आधी खाली आणायला हवी, नाहीतर तारीख पुढे ढकलावी लागेल, हेही सांगितलं.

तो काचेसमोर आला. ताईने अंदाजपत्रक दिलं, आगाऊ किती ते सांगितलं. त्याने खिसा चाचपला. मग मान वर करून फलक वाचला, अगदी खालपर्यंत. हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

“बघतो,” म्हणाला, आणि गेला.

ताईने डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर म्हणाले, फोन करा. फोन दोनदा केला. दोन्ही वेळा तो म्हणाला, गिऱ्हाईक आहे.

पुढच्या आठवड्यात औषधांच्या कपाटाचं कुलूप अडकलं. नर्सबाईंनी चावी फिरवून फिरवून अर्धी आतच मोडली. ताई उरलेला तुकडा रुमालात बांधून टपरीवर गेली. खरं तर फोनवरही बोलावता आलं असतं.

टपरीवर त्याचीही एक पाटी होती. पुठ्ठ्यावर, त्याच्याच अक्षरात. चावी कापली की पैसे परत नाहीत. लागली नाही तर दुसरी फुकट. ताईने ती वाचली आणि विचारलं, तारखेचं काय ठरलं. तो चावीचा तुकडा डोळ्यांजवळ धरून बसला होता. यंत्रावर वाकताना डावा हात आपोआप जांघेवर गेला, ते तिने पाहिलं.

त्याने हळूहळू सांगितलं. पैसे आहेत, तसं काही नाही. शेजारचा गाळा रिकामा होतोय, त्याच्या अनामतीसाठी ठेवलेत. गाळा मिळाला की यंत्र वाहायचं थांबेल. बायको म्हणाली, गाळा राहू दे, आधी पोट. तोही तयार झाला. पण साखर त्याची जन्माची बेभरवशी. डॉक्टर स्वतःच म्हणाले की साखर वाढली तर तारीख पुढे. तारीख पुढे गेली की पैसे गेले. म्हणजे ऑपरेशनही नाही आणि गाळाही नाही.

“अहो, तसं कुणी करत नाही,” ताई म्हणाली. “डॉक्टरांनीच पुढे ढकललं तर आम्ही एक पैसा ठेवत नाही.”

“मग लिहिलंय कशाला?”

त्यात चढा सूर नव्हता. कुलूप का अडकतं, हे विचारावं तसं त्याने विचारलं. तो कपाट उघडायला आला, दहा मिनिटांत तुकडा काढला, नवी चावी दिली आणि फलकाकडे न बघता निघून गेला.

ताई घरी गेली तेव्हा नवरा दारात एका गिऱ्हाइकाची समजूत घालत होता. तो सुतार आहे, हात चांगला आहे, पण अंदाज म्हणाल तर सगळा देवावर हवाला. कपाटाचा एक गोल आकडा सांगायचा आणि काम निम्म्यावर आलं की बिजागऱ्या वेगळ्या, पॉलिश वेगळं, भिंत वाकडी निघाली ते वेगळं. लग्नापासून ती ही वादावादी ऐकत आली होती. त्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं, बिजागऱ्यांशिवाय कपाटाचं दार लागतं का? नाही, तो म्हणाला. मग पहिल्याच दिवशी का सांगत नाही?

“पहिल्या दिवशी सगळं सांगितलं तर गिऱ्हाईक पळेल.”

“आमचं न सांगितल्यामुळेच पळतंय,” ती म्हणाली. नवऱ्याला संदर्भ कळला नाही. त्याने जेवायला बसू या म्हणून विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रुग्ण कमी असताना, तिने डॉक्टरांकडे आणि अक्कांकडे विषय काढला. डॉक्टर त्या फलकाखालून रोज चार वेळा जात. त्यांनी तो कधीच वाचला नव्हता. बाहेर जाऊन वाचून आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, मीसुद्धा इथे ऑपरेशन करून घेणार नाही.

अक्कांना हसू आलं नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतंच. भूल देणारे डॉक्टर बाहेरून येतात. रुग्ण सकाळी आलाच नाही तरी त्यांचे येण्याचे पैसे चुकत नाहीत. ऑपरेशनची खोली अडकते, त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं झालं असतं ते राहतं. रुग्णासाठी खास मागवलेलं सामान उघडलं की परत जात नाही. आणि परत द्यायचंच म्हटलं तर आपण देतोच की. कोण आलं आणि नाही म्हटलं?

“आलं त्याला दिलं,” ताई म्हणाली. “न आलेल्याला?”

मग तिने घरोघरचे कपडे इस्त्रीला नेणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगितली. ऑपरेशनच्या दिवशी ताप निघाला म्हणून डॉक्टरांनीच घरी पाठवलं. बाईंनी फलक वाचला होता. पैसे मागितले नाहीत, पुन्हा आल्याही नाहीत. त्याच महिन्यात एका बड्या दुकानदाराने ऐन वेळी स्वतःच बेत बदलला, वर काचेसमोर आवाज चढवला, आणि सगळी रक्कम घेऊन गेला. ताई तेव्हा काचेमागेच होती. तिने दुकानदाराला पैसे मोजून दिले आणि बाईंना फोन केला नाही, कारण कुणी मागितलं नव्हतं.

“म्हणजे आपला नियम असा आहे, अक्का. भांडेल त्यालाच परतावा.”

अक्कांनी फोन पुढे ओढला. मग म्हणाल्या, त्या बाईंचा नंबर आहे का? नंबर होता. त्यांनी स्वतः फोन लावला. पैसे त्याच आठवड्यात परत गेले. बाईंना आधी कुणीतरी फसवतंय असंच वाटलं, हे अक्कांनी नंतर जरा रागानेच सांगितलं.

नवा मजकूर लिहायला बसले तेव्हा पहिला खर्डा अक्कांचा होता. दोन पानं, त्यात ‘उपरोक्त’ तीनदा. डॉक्टरांचा दुसरा, त्यात ऑपरेशनची माहितीच जास्त. ताईने तिसरा लिहिला, तोही चुकला. तिने अक्कांच्या उलट टोक गाठलं: रक्कम केव्हाही परत मिळेल. अक्कांनी त्यावर फक्त भूल देणाऱ्या डॉक्टरांचं मागचं बिल ठेवलं. ताईने ओळ खोडली.

शेवटी त्यांनी एक वेगळी वाट धरली. लोक काचेसमोर काय विचारतात, तेच प्रश्न लिहायचे आणि त्याखाली उत्तर. पैसे कधी भरायचे? तारीख पक्की करताना, अंदाजाच्या निम्मे. अंदाजात काय धरलंय? ऑपरेशन करणाऱ्यांची आणि भूल देणाऱ्यांची फी, ऑपरेशनची खोली, ठरलेल्या दिवसांची खाट, नेहमीची औषधं. काय धरलेलं नाही? आधीच्या तपासण्या, जास्तीचे दिवस, काढलेली गाठ तपासायला पाठवली तर त्याचे पैसे, आणि तुम्ही निवडाल ती महागडी जाळी. जाळी म्हणजे हर्नियाच्या जागी आतून आधाराला बसवतात ती. अंदाज एका आकड्यात न देता कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका, असा दोन आकड्यांत द्यायचा.

जास्त खर्च निघाला तर? इथे डॉक्टर अडले. पोट उघडल्यावर काय दिसेल ते आधी कसं सांगणार? आणि भुलीतल्या माणसाला उठवून विचारणार का? ताईला नवऱ्याची वाकडी भिंत आठवली. ती म्हणाली, भिंत वाकडी निघेल हे माहीत नसतं, पण निघू शकते हे माहीत असतं. तेवढं आधी सांगू या. मग ठरलं की अंदाजाच्या वरच्या आकड्यापलीकडे जायची वेळ आली तर बाहेर बसलेल्या नातेवाइकाला आधी विचारायचं. जिवाचा प्रश्न असेल तर मात्र आधी उपचार, मग हिशेब. हे वाक्य डॉक्टरांनी स्वतः लिहिलं, आणि ते एकाच झटक्यात बरोबर आलं.

परताव्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली किंवा रद्द केली, कारण काहीही असो, तर पूर्ण रक्कम परत, किंवा पुढच्या तारखेसाठी जमा, जे रुग्ण म्हणेल ते. रुग्णाने दोन दिवस आधी कळवून रद्द केलं, तरी पूर्ण. त्याहून उशिरा रद्द केलं किंवा आलाच नाही, तर भूल देणाऱ्यांचे येण्याचे पैसे आणि उघडलेलं सामान एवढंच कापायचं, त्याचा कागद द्यायचा, बाकी परत. विम्याची मंजुरी आली, तर विमा जे देणार नाही तेवढं ठेवून बाकी परत. ज्याने भरले त्यालाच, ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने, कामाच्या सात दिवसांत. पावती हरवली तर ओळखपत्र चालेल. आणि शेवटी अक्कांनी स्वतःहून एक ओळ घातली: परतावा मागावा लागणार नाही, आम्ही फोन करू. ती वाचून ताईने वर पाहिलं. अक्का चष्मा पुसत होत्या.

रंगवायला देण्याआधी कागद भिंतीवर लावला आणि बाकावर बसलेल्यांना वाचायला सांगितलं. मग ताई एकच प्रश्न विचारी: डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं तर किती पैसे परत? अंगठ्याला पट्टी बांधलेल्या एका बाईंनी ठामपणे सांगितलं, काही नाही. पुढच्या आजोबांनीही तेच. ताई हबकली. एवढं सोपं लिहून? मग आजोबांनी काठीने दाखवलं. जुना फलक शेजारीच होता. दोन पाट्या दोन गोष्टी सांगत असतील तर माणूस कडू तीच खरी धरतो.

जुना फलक त्याच दुपारी उतरवला. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन उरला. नवा फलक त्याच्याहून मोठा होता, म्हणून चौकोन झाकला गेला.

ताईने कुलूपवाल्याला फोन केला नाही. मोबाइलवर फलकाचा फोटो पाठवला, बस्स. दोन दिवसांनी तो बायकोला घेऊन आला. फलकासमोर उभा राहिला, ओठ हलवत वाचलं, बायकोला एक ओळ बोटाने दाखवली. अंदाजपत्रकातले दोन्ही आकडे विचारून घेतले. साधी जाळी आणि महाग जाळी यांत फरक काय ते डॉक्टरांकडे जाऊन विचारून आला आणि साधी ठरवली. मग खिसा चाचपला. पैसे भरले. ताईने पावती दिली.

तो धंद्याने कुलूपवाला. कुठलीही वस्तू हातात आली की उलटून बघायची त्याची सवय. त्याने पावती उलटली.

मागे, बारीक लाल अक्षरांत, छापलेलं होतं: भरलेली आगाऊ रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.

भिंत बदलली, पण पावतीपुस्तकं जुनीच होती. गठ्ठ्याने छापून घेतलेली. फलकाबद्दल एवढा काथ्याकूट झाला, तिघांपैकी एकालाही पावतीची पाठ आठवली नाही. त्याने पावती काचेखालून आत सरकवली.

“यातलं खरं कुठलं, ताई?”

बायको त्याच्याकडे न बघता दाराकडे बघत होती. ताईला माहीत होतं, पुढचा शब्द कोणता येणार. तिने भिंतीकडे बोट केलं नाही, कारण भिंत कुणी घरी नेत नाही. घरी जाते ती पावती. तिने अक्कांना हाक मारली.

अक्का आल्या. पावती हातात घेतली, उलटली, आणि त्यांचा चेहरा उतरला. ती ओळ त्यांचीच होती. कुणाला दोष न देता त्यांनी पेन काढलं, लाल ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: हा मजकूर रद्द. फलकावरचे नियम लागू. सही केली, दवाखान्याचा शिक्का उमटवला. मग नव्या फलकाची एक छापील प्रत पावतीला टाचली.

“आता घरी नेऊन कपाटात ठेवा,” त्या म्हणाल्या. “कुलूप तर असेलच तुमच्याकडे.”

तो हसला. बायकोनेही दारावरची नजर काढली. उरलेल्या पावतीपुस्तकांच्या पाठीवर रेघा मारायला अक्कांना पुढचे दोन दिवस लागले. त्यांनी कुणाला मदत करू दिली नाही.

ठरल्या सकाळी तो उपाशीपोटी आला, आणि व्हायचं तेच झालं. साखर वाढलेली. आदल्या आठवड्यात आटोक्यात होती. काळजीने वाढली असेल, डॉक्टर म्हणाले, पण आज भूल द्यायची नाही. औषध बदलू, पुन्हा तारीख घेऊ. तो वरून जिना उतरून आला. बायको बाकावरून उठली आणि तिने एकच विचारलं, मग पैसे?

“आहेत तिथेच आहेत,” तो म्हणाला. फलकाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

ताईने विचारलं, परत हवेत की पुढच्या तारखेला जमा? तो म्हणाला, राहू द्या. मग म्हणाला की हवे असते तर मिळाले असते, एवढं कळलं म्हणूनच राहू देतोय. त्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरांचे येण्याचे पैसे दवाखान्याने भरले. अक्कांनी ते भरताना एक उसासा टाकला, पण ओळ वाढवली नाही.

दोन आठवड्यांनी साखर आटोक्यात आली आणि ऑपरेशन झालं. अर्ध्यावर डॉक्टरांनी कुणाला बाहेर पाठवून काही विचारलं नाही, कारण भिंत वाकडी निघाली नाही. बायको खालच्या बाकावर बसून होती. नर्सबाईंनी झालं असं सांगितल्यावर ती तिथेच भिंतीला डोकं टेकून झोपली, आणि तिला कुणी उठवलं नाही. घरी सोडायच्या दिवशी बिल दोन आकड्यांच्या मध्ये, खालच्याच्या जवळ आलं. ताईने बाजूला बसवून एकेक रक्कम अंदाजपत्रकाशी ताडून दाखवली.

गाळा तोपर्यंत दुसऱ्याने घेतला होता. मालकाने पलीकडचा छोटा गाळा देऊ केलाय, असं बायकोने सांगितलं. तोवर यंत्र मेहुणा उचलणार, आणि मेहुणा आत्ताच कुरकुरतोय. डॉक्टरांनी वजन उचलायला काही महिने मनाई केली होती, आणि टाके बघायला आठवड्याने बोलावलं होतं.

काचेसमोरून जाताना ताईने तारीख सांगितली. त्याने मान हलवली.

“बघ...” त्याने सुरुवात केली. ताईने पेन खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं, या वेळी हातांकडे नाही.

“येतो,” तो म्हणाला.